जिन्याखालची बॅटरी : बेळगाव भागात घरांचे नकाशे काढणाऱ्या इंजिनिअर आणि बिल्डर मंडळींना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि बिल्डर मित्रांनो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही नकाशा काढता आणि त्या नकाशावर वायरिंग ओढायला आम्ही येतो. तुमच्या नकाशात देवघर ईशान्येला असतं, स्वयंपाकघर आग्नेयेला असतं, संप कुठे, सेप्टिक टँक कुठे, गाडी कशी वळणार हेही असतं. इन्व्हर्टर आणि बॅटरी मात्र कुठेच नसते. मग स्लॅब पडतो, गिलावा होतो, रंगारी येतो आणि घरमालक विचारतो, "इन्व्हर्टर कुठं बसवायचा?" सगळ्यांच्या नजरा एकदम जिन्याखाली जातात. जागा रिकामी असते, मीटर आणि डीबी जवळ असतो, पाहुण्यांना दिसत नाही. महिन्याभरात सुतार येऊन त्या जागेला सनमायकाचं दार लावून जातो, कारण बॅटरी दिसायला वाईट. अनगोळ, भाग्यनगर, हिंदवाडीपासून खानापूर आणि निपाणीच्या नव्या लेआउटपर्यंत हाच प्रकार.

या जागेविरुद्ध माझ्याकडे दोन वेगळी कारणं आहेत. एक गॅसचं आणि दुसरं धुराचं. ती वेगळी ठेवूनच सांगतो, कारण पहिल्यावर झरोक्याने उपाय होतो आणि दुसऱ्यावर होत नाही.

आधी गॅस. आपल्याकडे बहुतेक घरांत अजून उंच ट्युब्युलर बॅटरी असते, लेड-ॲसिडची, डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं ती. चार्जिंग संपत आलं की आत जाणारा करंट बॅटरीत साठण्याऐवजी पाण्याचं विघटन करू लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. पाणी कमी होतं ते यामुळेच. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि त्याला पेटवायला काडी लागत नाही, रिलेची किंवा सैल टर्मिनलची ठिणगी पुरते. हवेपेक्षा तो कितीतरी हलका असल्यामुळे वर चढतो. जिन्याखालच्या कपाटात तो सगळ्यात उंच कोपऱ्यात, म्हणजे तिरक्या स्लॅबच्या वरच्या टोकाशी आधी जमतो.

हिशेब करून बघू. २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे एकूण १२ सेल. स्थिर बॅटऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचं सूत्र आहे. बूस्ट चार्जिंगला दर एएचमागे २० मिलिअँपिअर करंट गॅस करतो असं धरलं, तर या जोडीला तासाला १.८ घनमीटर ताजी हवा लागते. त्यासाठी खाली एक आणि वर एक, प्रत्येकी साधारण ५० चौरस सेंटिमीटरचा मोकळा झरोका हवा. चार इंची पाइपचा तुकडा भिंतीतून बाहेर काढला तर सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर मिळतात. डासांची जाळी लावल्यावर त्यातलं काही कमी होतं, तरी भागतं. झरोके बाहेरच्या हवेत उघडायला हवेत आणि वरचा अगदी वरच्या टोकाला हवा. पलीकडच्या खोलीत तोंड असलेला झरोका माझ्या हिशेबात नाही.

पण हे सूत्र धडधाकट बॅटरीचं झालं. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली आणि १२ पैकी एक सेल आतून शॉर्ट झाला, की चार्जरचे २८.८ व्होल्ट उरलेल्या ११ सेलमध्ये वाटले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला २.४ ऐवजी २.६ व्होल्ट येतात. बॅटरी भरली असं चार्जरला कधी वाटतच नाही आणि तो करंट ढकलत राहतो. पूर्ण १५ अँपिअर जात राहिले तर त्या ११ सेलमधून तासाला सुमारे ७५ लिटर हायड्रोजन निघतो. तीन फूट रुंद, चार फूट लांब आणि सरासरी तीन फूट उंच अशा कपाटात साधारण एक घनमीटर हवा असते. तिचे ४ टक्के म्हणजे ४० लिटर. दार घट्ट असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. आणि वर सांगितलेले दोन्ही झरोके असले, त्यातून हिशेबाइतकीच हवा खेळली, तरी प्रमाण चार टक्क्यांच्या आसपासच येतं. म्हणजे मानकाने ठेवलेली सगळी सवलत एका मेलेल्या सेलने खाल्ली.

असा बिघाड घरातल्यांना ओळखू येतो, फक्त त्यांना सांगायला हवं. इन्व्हर्टरवरचा चार्जिंगचा दिवा रात्रभर गेला तरी बदलत नाही. दोन बॅटऱ्यांपैकी एकीचं पाणी भराभर उतरतं. हाताला एक कोमट आणि दुसरी थंड लागते. सडक्या अंड्यासारखा वास येतो. यातलं काहीही दिसलं तर इन्व्हर्टरला येणारा मेनचा पुरवठा डीबीमधून बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि वायरमनला बोलवायचं. टर्मिनल आपण काढायला जायचं नाही, कारण काढताना उडणारी ठिणगी नेमकी गॅसच्या जागी उडते. कपाटात दिवा असेल तर त्याचं बटणही दाबायचं नाही.

इथे तुम्ही म्हणाल, दारच लावू नये, जिन्याखालची जागा मोकळी ठेवावी. बरोबर. मोकळ्या जागेतला हायड्रोजन हॉलच्या हवेत पसरून पातळ होतो आणि गॅसचा प्रश्न बराचसा सुटतो. देवघर शेजारी नसेल तर. पुष्कळ घरांत जिन्याखालच्या त्याच पट्ट्यात बॅटरीला लागून देवाचा कोनाडा असतो, आणि समईची ज्योत बॅटरीपासून हातभर अंतरावर तेवत असते. ही रचना तरी नकाशातच टाळा.

आता धूर. आपल्याकडचं ३० बाय ४०च्या प्लॉटवरचं दुमजली घर डोळ्यासमोर आणा. हॉलमधून जिना वर जातो, वर दोन बेडरूम. खिडक्यांना पक्की ग्रिल, गच्चीच्या दाराला रात्री कुलूप. वर झोपलेल्या माणसांना बाहेर पडायची वाट एकच, तो जिना. आणि आग लागू शकणारी एवढी अवजड वस्तू आपण त्या वाटेच्या पायथ्याशी ठेवली आहे, वर भोवती चपलांचं स्टँड, झाडू, जुनी वर्तमानपत्रं आणि प्लायवूडचं कपाट. खाली पेटलं की जिन्याची पोकळी धुराड्याचं काम करते. आग वर पोहोचण्याआधी धूर पोहोचतो आणि जिन्याला दार नसल्यामुळे त्याला अडवणारं काहीच नसतं. पेटण्यासाठी हायड्रोजनच लागतो असंही नाही. सैल झालेलं टर्मिनल ६० अँपिअरला तापून वायरचं आवरण पेटवू शकतं, आणि आमच्या धंद्यात तोच प्रकार जास्त बघायला मिळतो. यावर चार इंची पाइपचा काही उपयोग नाही. यावर उपाय जागा बदलण्याचाच.

बाहेरच्या देशांनी हेच नियमात लिहिलं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं २०१९चं ५१३९ क्रमांकाचं मानक राहत्या खोल्यांत, छताच्या पोकळीत आणि जिन्याखाली बॅटरी बसवू देत नाही. बाहेर पडायच्या दारापासून आणि राहत्या खोलीच्या खिडकीपासून बाजूला ६०० मिलिमीटर सोडायला सांगतं, खिडकीच्या खाली असेल तर ९००. ब्रिटनमध्ये २०२४ साली आलेला पीएएस ६३१०० झोपायच्या खोल्या, माळे आणि सुटकेची वाट असलेले जिने-बोळ वगळतो आणि घराबाहेर दार-खिडकीपासून एक मीटर मागतो. अमेरिकेच्या एनएफपीए ८५५मध्ये बाहेरच्या भिंतीवरची बॅटरी दार-खिडकीपासून तीन फूट लांब हवी. आकडे थोडे इकडे-तिकडे आहेत. मी तीन फूट धरतो, गवंड्याला सांगायला सोपं पडतं.

हे नियम मुख्यतः नव्या बॅटऱ्या डोळ्यासमोर ठेवून आले, म्हणून लिथियमबद्दल बोलतो. गच्चीवर सोलर घेणाऱ्यांकडे आता भिंतीवर टांगायची पाच युनिट साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येऊ लागली आहे. विकणारे सांगतात, हिला गॅस होत नाही, बेडरूममध्ये लावली तरी चालते. पहिलं अर्धं खरं आहे. रोजच्या चार्जिंगला हिच्यातून काही निघत नाही, पाणी नाही, ॲसिडचा वास नाही. हे रसायन लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा शांतही आहे. पण एखादा सेल आतून शॉर्ट झाला, बॅटरीत पाणी शिरलं किंवा बॅटरीतल्या बीएमएस नावाच्या नियंत्रक सर्किटने ओव्हरचार्ज थांबवला नाही, तर सेल स्वतःच तापत जातो आणि त्याची वाफ फुटते. त्या पांढऱ्या वाफेत हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, विषारी हायड्रोजन फ्लुओराइड असतो. ती लगेच पेटली तर आग, आणि बंद कपाटात साठून मग पेटली तर स्फोट. इतका गॅस एवढ्या कमी वेळात येतो की झरोक्याचं वरचं सूत्र इथे लागूच होत नाही. सुरुवातीला थिनरसारखा गोडसर वास आणि सुसू आवाज येतो, त्या वेळी माणसांना बाहेर काढायचं, मागे दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२ला फोन करायचा. विझली असं वाटल्यावरही ती तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून त्या रात्री कोणी आत झोपायचं नाही.

मग ठेवायची कुठे? अलीकडे हाताखालून गेलेला एक नकाशाच घेतो. उत्तरेला रस्ता, ३० बाय ४०, पुढे वायव्येला पोर्च, मध्ये हॉल आणि जिना, मागे आग्नेयेला स्वयंपाकघर, त्याला लागून धुणं-भांड्यांची झाकलेली जागा. दोन्ही बाजूंना तीन फुटांचा बोळ.

घरमालकाने आधी मागची धुण्याची जागा सुचवली. ती बाहेर आहे, हवेशीर आहे, पण तिथेच गॅसचे दोन सिलिंडर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत पसरतो, आणि इन्व्हर्टरचा रिले दिवसातून किती वेळा ठिणगी टाकतो याची गणती नाही. आपल्याकडे वीज एकदा गेली आणि आली की दोनदा. सिलिंडर हलवणार नसाल तर ती जागा बाद. बाजूच्या बोळात खोका बसवला तर चालायला जेमतेम फूटभर उरतं, आणि मागून बाहेर यायची वाट तीच. पश्चिमेची मोकळी भिंतही नको. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा मारतो, खानापूर-जांबोटीकडे तर छज्जा असून नसल्यासारखाच, आणि एप्रिल-मेमध्ये तीच भिंत दुपारी तापते. बॅटरी कायम दहा अंश जास्त तापमानात राहिली तर लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

राहिला पोर्च. त्याच्या मागच्या भिंतीचा एक तुकडा असा होता की पलीकडे न्हाणीघर, राहती खोली नाही. मुख्य दार तिथून चार फुटांवर, हॉलची खिडकी त्याहून लांब, न्हाणीघराचा झरोका बाजूच्या बोळात, वर बाल्कनीचा काँक्रीट स्लॅब. तोंड उत्तरेला, म्हणजे पावसाची झड नाही आणि दुपारचं ऊनही नाही. तिथे विटांचा कोनाडा काढला, आतून चार फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच. तळाला सहा इंची ओटा, वर काँक्रीटचं झाकण, पुढे जाळीचं लोखंडी दार, खालपासून वरपर्यंत जाळी. उंच ट्युब्युलर बॅटरी साधारण ५० सेंटिमीटर लांब, १९ रुंद आणि ४१ उंच असते. दोन्ही शेजारी ठेवून मध्ये चार इंच सोडले तर पावणेदोन फुटांत बसतात. टर्मिनलच्या वर दीड फुटापेक्षा जास्त मोकळं राहतं, पाणी घालायला आणि हायड्रोमीटर उभा धरायला तेवढं लागतंच. इन्व्हर्टर उरलेल्या बाजूच्या भिंतीवर, बॅटरीच्या डोक्यावर नाही. बाजारात ट्रॉली मिळते तिच्यावर इन्व्हर्टर बरोबर बॅटरीच्या वर बसतो आणि ॲसिडची वाफ थेट त्याच्या पंख्यात जाते. ती ट्रॉली कोणाला का सुचली, कळत नाही. बॅटऱ्या ॲसिड न खाणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. गाडी मागे येऊन धडकू नये म्हणून पुढे चार इंची लोखंडी खांब, आणि स्कूटर तीन फूट अलीकडे. लिथियम आली तरी तोच कोनाडा चालतो. तिला मागे वीट किंवा काँक्रीट हवं, प्लायवूड किंवा पीव्हीसी पॅनेल नको, आणि आजूबाजूला कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मोकळीक.

इथे आमचेच वायरमन अडून बसतात. डीबी हॉलमध्ये, बॅटरी पोर्चमध्ये, वायर लांबणार, व्होल्टेज पडणार. अर्धा मुद्दा खरा. इन्व्हर्टर हॉलमध्ये ठेवून फक्त बॅटरी पाच मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तार होते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून ६० अँपिअर वाहताना तिथे पाऊण व्होल्टच्या आसपास पडतात. २४ मधून एवढे गेले की इन्व्हर्टर बॅटरी रिकामी समजून लवकर बंद पडतो. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीबरोबरच बाहेर न्यायचा. मग घरात येते ती २३० व्होल्टची साधी लाइन, सहा-सात अँपिअरची, आणि तिला पंचवीस मीटर अंतरही काही वाटत नाही. तुमच्याकडून लागतात ते फक्त डीबीपासून कोनाड्यापर्यंत स्लॅबमध्ये टाकलेले दोन पाइप, एक जाणाऱ्या लाइनला आणि एक येणाऱ्या, अर्थिंगची तार धरून. गिलावा झाल्यावर हेच करायचं म्हटलं की भिंत फोडावी लागते, आणि भिंत फोडण्यापेक्षा मालक जिन्याखालचं दार पसंत करतो. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून फूटभराच्या आत डीसीचा फ्यूज मात्र आम्ही लावायचा, ते आमचं काम. तो नसेल तर बिल अडवून धरा.

सगळीकडे पोर्च नसतो. वडगाव-खासबागेत पुढे घर आणि मागे विणकामाचे माग असतात, तिथे सुताची तूस हवेत उडून प्रत्येक टर्मिनलवर बसते. तिथे बॅटरी मागाच्या खोलीत नको, परसातल्या भिंतीला छपरी काढून ठेवा. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांत माळ्यावर बॅटरी चढवलेली दिसते, उंदीर-मांजरापासून लांब म्हणून. माळ्यावर लाकडी वासे, शेजारी गवताच्या पेंढ्या, आणि वर चढणारा हायड्रोजन नेमका त्या कौलांखाली. तिथून ती खाली आणून पडवीच्या जांभ्याच्या भिंतीला लावली तर निम्मा धोका तिथेच संपतो. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची बाल्कनी चालेल, सिलिंडर तिथे नसेल तर. मजल्यावरचं सामाईक लँडिंग कधीच नाही, ती दहा कुटुंबांची वाट आहे.

आणि जिथे बॅटरी आधीच जिन्याखाली आहे आणि लगेच हलवता येत नाही, तिथे निदान दार काढून टाका, प्लायवूड आणि वर्तमानपत्रं बाहेर काढा, वरच्या टोकाला बाहेर जाणारा पाइप टाका. एक स्मोक अलार्म जिन्याच्या पायथ्याशी, एक वर बेडरूमच्या बाहेर. गच्चीच्या दाराची किल्ली आतून त्याच दारापाशी टांगा. कोनाड्यावर किंवा कपाटावर सूचनेची पाटी लावाल ती मराठी आणि कन्नड दोन्हीत असू द्या. आग विझवायला येणारा माणूस कोणती वाचेल, हे आपण ठरवत नाही.

पुढचा नकाशा मंजुरीला टाकण्याआधी तळमजल्याच्या शीटवर चार फूट बाय दोन फुटांचा एक चौकोन काढा आणि त्यात "इन्व्हर्टर-बॅटरी" लिहा. त्या चौकोनापासून दार, खिडकी, सिलिंडर आणि जिना यांची अंतरं तिथेच टाका. एखादं अंतर तीन फुटांच्या आत आलं तर चौकोन सरकवा. कागदावर तो खोडरबराने सरकतो.

आपला,
बेळगावातला एक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर